एकाच हाताच्या दोन बाह्या

तिला मी किती ओळखत होतो? समोरासमोरची दारं, आणि माझ्या चार पँटी तिनं आखूड केल्या, एवढंच. पँट घ्यायला गेलो की शिवता शिवता ती जे बोलली, त्यावरूनच हे लिहितो आहे.

कॉलनी तिला मशीनताई म्हणायची. खिडकीशी एक मशीन, शेजारी पलंगावर सासूबाई. घर त्या मशीनवर चाले. सुरुवातीला गिऱ्हाईक म्हणजे तुटलेली चेन नाहीतर उसवलेली शिवण. मग एकदा तळमजल्यावरच्या पार्लरवालीनं लांब बाह्यांचा ड्रेस शिवायला टाकला. तिच्या खुर्चीत अख्खी कॉलनी येऊन बसायची. ड्रेस बसला तर कॉलनी आपली, बिघडला तर मशीनवर चादर टाकायची.

कापड नेमकंच होतं, छपाई एकाच बाजूला. पुरवून पुरवून ताईनं ते एकेरी पसरलं, मापाच्या कागदावरून एक बाही कापली आणि कागद उलटा न करताच दुसरीही कापली. जोडायला घेतल्या तेव्हा कळलं, दोन्ही बाह्या उजव्याच हाताच्या. आणखी एका बाहीएवढंही कापड उरलं नव्हतं, नुसत्या चिंध्या होत्या.

एक बाही खांद्याकडून पुन्हा कापून डाव्या हाताची करता येणार होती, पण मग जोडी जुळवायला दोन्ही तीन-तीन बोटं आखूड होणार होत्या. सासूबाई म्हणाल्या, "बोलू नकोस. हल्ली अशीच फॅशन आहे म्हणून सांग." ताईलाही ते पटलं होतं. पण ड्रेस अंगात घालून पार्लरवाली आरशापुढे हात वर करील, हे डोळ्यांपुढून हलेना. ताई बाह्या पिशवीत घालून खाली उतरली. जिन्यात दोनदा परत फिरली.

पार्लरमध्ये दोघी गिऱ्हाईक बायका बसलेल्या. त्यांच्यासमोरच तिनं बाह्या काढून दाखवल्या आणि चूक सांगितली. पार्लरवालीनं त्या एकमेकींवर ठेवून पाहिल्या. मग म्हणाली, "कर आखूड. पण दोन्ही सारख्या झाल्या पाहिजेत."

ड्रेस दिला, तरी पुढं कुणी फिरकलं नाही. जिन्यात पाऊल वाजलं की ताई दाराकडे बघायची, पाऊल वर निघून जायचं. मशीनवर खरंच चादर पडली.

मग एक दिवस, त्या वेळी पार्लरमध्ये बसलेल्या दोघींपैकी एक दोन ड्रेसचं कापड घेऊन दारात उभी राहिली. म्हणाली, "चुकलात तर सांगता, हे मी पाहिलंच. पार्लरवालीही तेच म्हणाली. माझा आधीचा शिंपी बिघडवून वर मलाच जाड म्हणायचा."

त्यानंतर काम तुटलं नाही. भीती मात्र गेली नाही. कुठलीही बाही कापण्याआधी ती दोन्ही बाह्यांच्या खडूच्या खुणा समोरासमोर आखून बघे, पुन्हा बघे, आणि मगच कात्री उचले.

बऱ्याच वर्षांनी, लेकीकडे कायमची राहायला जाण्याआधी तिनं माझी शेवटची पँट दिली.

"काका, खाली दुमड ठेवलीय. लागली तर उसवून वाढवा."

"आता मी कुठला वाढतोय?"

"असू द्या. कापलेलं परत येत नाही."