बाबांचं रिन्यूअल आणि माझ्या अटी

माझ्या बाबांच्या मते जगात दोनच प्रकारचे व्हिसा असतात: रिन्यू झालेले आणि रिन्यू व्हायचे. तीस वर्षं शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात एका गोदामाचे हिशोब बघितले, पण अल नहदातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये त्यांची ख्याती अकाउंटंट म्हणून नव्हती, व्हिसावाले काका म्हणून होती. कुणाचं मेडिकल, कुणाच्या बायकोचा व्हिसा, कुणाच्या बाळाचा पासपोर्ट, सगळे आमच्याकडे. आईचा आणि माझा व्हिसा दर दोन-तीन वर्षांनी बाबाच करायचे. आम्ही फक्त पासपोर्ट द्यायचा. आईच्या पासपोर्टावर तेव्हा शिक्का असायचा, ‘हाउसवाइफ’, आणि खाली ‘काम करण्याची परवानगी नाही’. लहानपणी मला तो विनोद वाटायचा, कारण आमच्या घरात सगळ्यात जास्त काम तीच करायची.

तर मी आईच्या ऑपरेशनसाठी अमेरिकेहून आले होते. ती बाथरूममध्ये घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. मी महिनाभर राहायचं ठरवलं होतं, झाले चार. चौथ्या महिन्यात मी जेवताना सहज म्हणाले, “माझं ग्रीन कार्ड संपत आलंय, त्याचं बघायला हवं.”

“त्यात काय एवढं?” बाबा आमटी ओरपत म्हणाले. “रिन्यूअल. दोन वर्षांचंच आहे ना? आपल्यासारखंच.”

आपल्यासारखं नव्हतं हो! हेच तर मला सांगायचं होतं, पण तेवढ्यात आईने हाक मारली आणि मी उठले.

आधी ते कार्ड काय होतं ते सांगते. माझा नवरा मराठीच, पण तिकडेच वाढलेला आणि अमेरिकेचा नागरिक. मी तिथे पाऊल ठेवलं तेव्हा लग्नाला दोन वर्षं पूर्ण झाली नव्हती, म्हणून मला मिळालं ते सशर्त ग्रीन कार्ड. वर ‘पर्मनंट’ लिहिलेलं, मुदत मात्र दोन वर्षांची. लग्न खरं आहे की कार्डासाठी केलंय, याबद्दल सरकारला शंका घ्यायला ठेवलेली ती दोन वर्षं. मुदत संपायच्या आधीच्या नव्वद दिवसांत नवराबायकोने मिळून, दोघांच्या सहीने अर्ज करायचा, की आमचं लग्न खरं आहे, हे घ्या पुरावे, आता अटी काढा. अर्ज केला नाही तर राहण्याचा हक्क आपोआप संपतो. रिन्यूअल हा प्रकारच त्यात नाही.

आणि बाबांनी काय केलं? मी आईला फिजिओथेरपीला घेऊन गेले असताना माझा लॅपटॉप उघडला, ऑनलाइन खातं काढलं, माझ्या कार्डाचे आकडे घातले, स्वतःच्या क्रेडिट कार्डाने फी भरली आणि कार्ड बदलून देण्याचा अर्ज पाठवून मोकळे झाले. आम्ही दारात येतोय तोवर हसत उभे. “यल्ला, खलास! तुझं काम झालं.”

नवऱ्याला फोन करून पावती वाचून दाखवली. तो म्हणाला, “हा तर पक्क्या ग्रीन कार्डवाल्यांचा अर्ज आहे. आपल्याला हा चालत नाही.”

मी बाबांवर अशी काही उखडले की शेजारच्या फ्लॅटमधला टीव्ही बंद झाला. “विचारायचं तरी! माझं कार्ड आहे, माझा संसार आहे, आणि तुम्ही परस्पर बटणं दाबता?”

“अगं, कार्डावर पर्मनंट लिहिलंय, मी पर्मनंट निवडलं,” बाबा म्हणाले. तीस वर्षांत त्यांचा एकही अर्ज परत आला नव्हता. ते तोंड पाडून बाल्कनीत जाऊन बसले. मला त्यांची दया आली आणि त्या दयेचाही राग आला.

बरं, बाबांनी भरलेली फी वाया गेली, पण नव्वद दिवसांतले बरेच अजून हातात होते. आता खरा अर्ज करायचा तर पुरावे हवेत. दोघांच्या नावाचं भाडेपत्र, दोघांचं बँक खातं, दोघांच्या नावाची बिलं. मी नवऱ्याला म्हटलं, काढ सगळं. त्याने काढलं. भाडेपत्र त्याच्या नावावर. वीज त्याच्या नावावर. इंटरनेट, गाडी, गाडीचा विमा, सगळं त्याच्या नावावर. माझ्या नावावर काय, तर वाचनालयाचं कार्ड.

“तुला मी पहिल्याच महिन्यात म्हटलं होतं, नाव घालूया,” तो म्हणाला. “तू म्हणालीस, कशाला.”

म्हणाले होते ना! मी शारजात वाढलेली मुलगी. आमच्याकडे घराचा करार पुरुषाच्या नावावर, कारण व्हिसा त्याचा. बायकोमुलं त्याच्या व्हिसाला टांगलेली. आईचं नाव मी आयुष्यात कुठल्याच बिलावर पाहिलं नव्हतं, त्यामुळे माझं नाव नाही याचं मला काही वाटलंच नाही. वर बाबांनी लग्नात मला त्यांच्या खात्याचं एक कार्ड देऊन ठेवलेलं, म्हणे जावयाकडे हात पसरायला नको. दोन वर्षं मी भाजी न्यू जर्सीत घेत होते आणि पैसे दुबईच्या बँकेतून जात होते. आता दाखवा एकत्र संसार!

पुढचे दोन आठवडे आम्ही फोनवर नुसते भांडलो. त्याची सकाळ, माझी संध्याकाळ. तो ऑफिसला निघायच्या घाईत, मी आईच्या गोळ्यांच्या. “फोटो पाठव.” “कुठले?” “एकत्र दिसतो ते!” आमचे एकत्र फोटो नव्हतेच फारसे, कारण फोटो काढतो तो आणि दिसते मी. एकदा तो वैतागून म्हणाला, “चार महिने तू तिथे. उद्या ऑफिसरने विचारलं, बायको कुठेय, तर काय सांगू?”

“सांग, आईचं हाड जोडतेय!” म्हणून मी फोन आपटला. मग रडले. आपलंच लग्न खरं आहे हे कागदावर जुळवता जुळवता खोट्यासारखं वाटायला लागतं, त्याचा मला भयंकर संताप यायचा.

त्यात अल कुसैसची मावशी आईला बघायला आली. आईची मैत्रीण, पण प्रश्न विचारायला सख्ख्या मावशीपेक्षा वरचढ. “आणि त्याने सहीच केली नाही तर गं?”

“करेल,” मी म्हणाले. “घटस्फोट झाला, नवरा गेला किंवा तो छळ करत असेल तर एकटीलाही अर्ज करता येतो, तसे वेगळे पुरावे देऊन. पण एरवी दोघांची सही लागते.”

“म्हणजे इकडच्यासारखंच की. नवरा म्हणेल तर राहा.”

“दोनच वर्षं,” मी म्हणाले. आई पलंगावरून ऐकत होती.

हळूहळू गाठोडं जमलं. आयकर आम्ही दोन्ही वर्षं एकत्रच भरला होता, तो सगळ्यात भक्कम निघाला. त्याच्या ऑफिसच्या आरोग्य विम्यात पत्नी म्हणून माझं नाव होतं. घरमालकाने करारात माझं नाव घातलं आणि मी आल्या दिवसापासून तिथेच राहते असं पत्रही दिलं. चार महिने दूर का, तर आईच्या हॉस्पिटलचे कागद. शिवाय आम्हाला दोघांना ओळखणाऱ्यांची दोन शपथपत्रं लागणार होती, ती तिथल्या शेजारीण आजी आणि त्याचा एक मित्र देणार होते.

बाबांना हे कळलं. बाल्कनीतून उठले आणि म्हणाले, मीही देतो. दुसऱ्या दिवशी टायपिंग सेंटरमधून पत्र करून आणलं, खाली निळी सही. मी वाचलं: माझी मुलगी तिच्या पतीसोबत अमेरिकेत राहण्यास माझी कोणतीही हरकत नाही.

“बाबा! हे एनओसी आहे!”

“मग? इकडे सगळ्यांना एनओसीच लागते.”

मी हसावं की डोकं आपटावं? हसले. नवराही फोनवर इतका हसला की दोन आठवड्यांत पहिल्यांदा आम्ही न भांडता फोन ठेवला. मी अर्जावर सही करून कुरिअरने पाठवला, त्याने त्याची सही केली, पुरावे जोडले आणि पोस्टात टाकला.

आई काठी घेऊन चालायला लागली तोवर माझ्या कार्डाची मुदत उलटून गेली होती. पण अर्ज पोचल्याचं पत्र आलं होतं आणि त्यातच लिहिलं होतं, की निकाल लागेपर्यंत हक्क चालू, कार्डाची मुदत चार वर्षांनी वाढवली आहे. ते मूळ पत्र नवऱ्याने मला पाठवलं. दुबई एअरपोर्टवर काउंटरवरच्या मुलीने संपलेलं कार्ड उलटंसुलटं केलं, भुवया उडवल्या, पत्र घेऊन आत गेली. मी घामाघूम. काचेपलीकडे बाबा हातानेच विचारत होते, काय झालं? ती परत आली आणि बोर्डिंग पास पुढे केला.

अटी निघायला पुढे दीड वर्ष लागलं. मुलाखतीला बोलावलं नाही. एक दिवस टपालात दहा वर्षांचं कार्ड आलं. मी दारातच पाकीट फाडलं आणि आईबाबांना व्हिडिओ कॉल लावला.

ते दोघं खोक्यांच्या मधोमध बसले होते. बाबांच्या कंपनीने त्यांना निवृत्त केलं होतं आणि महिन्याअखेर ते सांगलीला जाणार होते.

“दहा वर्षांचं?” बाबांचा चेहरा उजळला. “म्हणजे दहा वर्षांनी रिन्यूअल!”

“हो बाबा. तेव्हा मात्र खरंच रिन्यूअल. तेव्हा तुम्हीच करा.”

आईने फोन स्वतःकडे ओढला. “आता तुमचं दोघांचं बिनसलं तर तुला घालवून देणार नाहीत ना?”

“नाही गं. आता माझं राहणं माझं.”

“बरं झालं बाई.” तिने मागे कुणी ऐकतंय का बघावं तसं बघितलं. बाबा खोक्याला पट्टी लावायला उठले होते. “काल आम्ही व्हिसा ऑफिसात जाऊन आलो. आधी माझा व्हिसा कॅन्सल करतात, मग यांचा. तसा नियमच आहे म्हणे, बायकोचा आधी.”

मी हातातलं कार्ड खाली ठेवलं.

“तीस वर्षं झाली गं मला इथे,” आई म्हणाली. “माझ्या अटी काढायचा अर्ज कुठे करायचा असतो, ते कुणी सांगितलंच नाही.”