सहावी मेणबत्ती

आमच्या घरात दुधाच्या पिशव्या आत घेणं हे माझं काम कधीच नव्हतं. लग्न झाल्यापासून नव्हतं. मी उठतो तोवर त्या दुधाचा चहा झालेला असतो आणि बहुतेकदा निवलेलाही असतो. अशा माणसानं सलग तीन दिवस पहाटे साडेपाचला दार उघडून पिशव्या आत आणल्या, तर बायकोला संशय येणारच. येईल हे माझ्या लक्षात आलं नाही. चोरी पचते हो, माणूस पकडला जातो तो असल्या एखाद्या चांगल्या कामामुळे.

आधी चोरी सांगतो.

आमची मुलगी हिंजवडीला सॉफ्टवेअरमध्ये आहे. कर्वेनगरहून रोज जाऊन-येऊन करण्याचा प्रयोग तिनं पावसाळाभर केला आणि मग मैत्रिणींबरोबर तिकडेच फ्लॅट घेतला. शुक्रवारी रात्री येते, रविवारी जाते. मधल्या दिवसांत फोन. आईशी अर्धा तास. माझ्याशी, "बाबा, बरे आहात ना? आईला द्या." मी बरा आहे की नाही हे ऐकायलाही ती थांबत नसे, आणि तिची चूक नव्हती. इतकी वर्षं मीही तिला 'अभ्यास झाला का?' एवढंच विचारत आलो होतो.

मग एका रविवारी ती फोनवर हिरव्या-लाल कांड्या बघत बसली होती. मी विचारलं, "हे काय, रांगोळीचं डिझाइन?" त्या एका मूर्ख प्रश्नानं माझं नशीब उघडलं. ती क्रिप्टोत ट्रेडिंग करते, छंद म्हणून, थोड्याशा पैशांत. तिनं मला दोन तास समजावलं. त्यातलं अर्धं मला समजलं, आणि जे समजलं नाही तिथं मी मान हलवली. त्या आठवड्यात फोन आला तो थेट माझ्या मोबाइलवर. शेजारी बसलेल्या तिच्या आईनं माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी तिची बसमधली खिडकीची जागा पळवली.

लेकीनं माझ्या फोनवर ॲप टाकून दिलं. बुडाले तर आई ओरडेल पण रडणार नाही, एवढेच पैसे त्यात घालायचे, असं ठरलं. बाकीचे नियमही तिचेच. भाव ठरावीक खाली गेला की निघायचं. ठरावीक वर गेला की निघायचं. आणि तिसरा नियम टाइम स्टॉपचा.

"भाव कुठेच गेला नाही तर काय कराल?" तिनं विचारलं.

"बसून राहीन." बसून राहण्याचा माझा अनुभव दांडगा आहे.

"बसायचं नाही, बाबा. तुम्ही घेता ते का? तर भाव ज्या पट्ट्यात अडकलाय तो मोडून आता वर सुटणार असं तुम्हाला वाटतं म्हणून. सुटायचा असेल तर तो लवकर सुटतो. सहा कँडलमध्ये हलला नाही, तर तुमचा अंदाज शिळा झाला. नुकसान नसलं तरी निघायचं. नाहीतर पैसे अडकतात, आणि डोकं त्याहून जास्त अडकतं."

कँडल म्हणजे त्यातली एक कांडी. आमच्या कांड्या चार-चार तासांच्या. त्या चार तासांत भाव कुठून निघाला, किती वर, किती खाली जाऊन आला आणि शेवटी कुठे थांबला, हे सगळं एका कांडीत. बायको त्यांना मेणबत्त्याच म्हणते. "तुमच्या मेणबत्त्या विझल्या असतील तर गॅसवर भाजी आहे, बघा."

"आणि एक," लेक म्हणाली, "नियम मोडलात तर ॲप डिलीट. त्याच दिवशी."

ॲपचं मला काय कौतुक? पण ॲप गेलं की फोनही जाणार, हे मला कळत होतं. पुन्हा 'बरे आहात ना, आईला द्या.'

तर, एका मंगळवारी सकाळी साडेनऊला मी एक नाणं घेतलं. नाव असं, की रक्तदाबाची गोळी वाटावी. भाव पट्ट्याच्या वर डोकं काढत होता. मी उत्साहानं लेकीला कळवलं, संध्याकाळी त्यावर वीस मिनिटं बोलणं झालं, आणि मी जेवताना दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

बुधवारी सकाळी साडेनऊला सहावी कांडी संपली. भाव होता तिथंच. त्या सहा कांड्या सोसायटीच्या मीटिंगला आलेल्या माणसांसारख्या रांगेत बसल्या होत्या. आल्या सगळ्या, पण हलायला कुणी तयार नाही. नियमाप्रमाणे मी निघायचं होतं. निघालो असतो तर संध्याकाळचं संभाषण मला तोंडपाठ होतं. "निघालो." "गुड. आईला द्या."

त्या आलेखाच्या वर एक पट्टी असते. तासाची कांडी, चार तासांची, दिवसाची. माझं बोट सहज तिकडे गेलं. आता ते किती सहज गेलं यावर घरात मतभेद आहेत. मी दिवसाची कांडी दाबली आणि चमत्कार झाला. सहाच्या दोन झाल्या, त्यातली दुसरी तर अजून अर्धवट! नियम सहा कँडलचा होता. कुठल्या, हे कुणी बोललं नव्हतं. म्हणजे बोललं होतं, पण नियमाच्या वाक्यात नव्हतं. मी पुण्यात वाढलोय. मला एवढी फट पुरते.

संध्याकाळी तिनं विचारलं, "सहापैकी किती झाल्या?"

"एक पूर्ण. दुसरी चालू आहे."

एक अक्षर खोटं नाही. तिच्या हिशोबानं जुन्या सहा सकाळीच संपल्या होत्या, म्हणून तिला वाटलं, मी तेव्हा निघून दुपारी नवीन ट्रेड घेतला. मी तिला तसं वाटू दिलं.

आता दिवसाची कांडी बंद होते कधी? हे नाण्यांचं जग लंडनकडच्या घड्याळावर चालतं. त्यांची मध्यरात्र म्हणजे आपले पहाटेचे साडेपाच. म्हणून मी गुरुवारपासून साडेपाचला उठू लागलो. उठलोच आहे, तर दाराबाहेर पिशव्या टाकल्याचा आवाज यायचा, मी त्या आत घ्यायचो. भाव हलत नव्हता. आणि ज्या फोनसाठी हे सगळं चाललं होतं, तो गुरुवारी आला नाही, शुक्रवारीही आला नाही; रात्री ती घरी आली ती थेट झोपली. तिच्या ऑफिसात काहीतरी रिलीज होतं. मी मात्र अडकून राहिलो ते राहिलोच.

शनिवारी सकाळी लेक थालीपीठ खात होती. बायकोनं लोण्याची वाटी तिच्यापुढे सरकवली आणि म्हणाली, "तुझ्या बाबांना काही झालंय का गं? डॉक्टरांना दाखवू म्हणते. तीन दिवस दूध आत घेतायत."

"बाबा? किती वाजता?"

"साडेपाच. रोज. घड्याळ लावून घ्यावं."

थालीपीठाचा घास हातात थांबला. "फक्त साडेपाच? दर चार तासांनी, म्हणजे सकाळी साडेनऊ, दुपारी दीड, असं काही नाही?"

"दीडला तर घोरत असतात."

लेकीनं माझ्याकडे पाहिलं. लहानपणी ही मुलगी लपाछपीत मला शोधून काढायची ती याच नजरेनं. "बाबा, फोन द्या."

"अगं, चार्जिंगला आहे."

"तुमच्या मांडीवर आहे."

तिनं फोन उघडला. पडद्यावर जाड्या, निवांत, दिवसादिवसाच्या कांड्या बसलेल्या. "हा मंगळवारचाच ट्रेड आहे! बाबा, तुम्ही डेलीवर गेलात?"

"नियम सहा कँडलचा होता. कुठल्या, हे—"

"म्हणजे काय केलं यांनी?" बायकोनं विचारलं. ती सकाळच्या शाळेत शिक्षिका आहे, आणि चौकशी अर्धवट सोडणं तिच्या स्वभावात नाही.

"आई, तीन तासांचा पेपर होता. यांनी घंटा झाल्यावर घड्याळच बदललं."

बायकोला एकदम सगळं कळलं. मला क्रिप्टो समजायला दोन महिने लागले, तिला एक वाक्य पुरलं. "अहो," ती म्हणाली, "मग मी 'पाच मिनिटांत आवरते' म्हणते तेव्हा खाली गाडीचा हॉर्न का वाजवता? माझीही मिनिटं दिवसाची असतील."

"अगं, पण भाव कदाचित सोमवारी—"

ती उभी राहिली आणि बोर्डाच्या परीक्षेतल्या आवाजात म्हणाली, "वेळ संपली. पेपर खाली ठेवा."

मी विकलं. मिळालं साधारण घातलं तेवढंच. ॲपवाल्यांनी फी घेतली, सरकारनं टीडीएस कापला, आणि मी चार दिवस अडकलो होतो त्याची किंमत कुणीच दिली नाही. लेकीनं माझ्यासमोर ॲपवर बोट दाबून धरलं. ॲप जागेवर थरथरलं आणि गेलं.

"म्हणजे आता फोन नाही," मी म्हणालो. म्हणायचं नव्हतं, निघालं तोंडातून.

"कुठला फोन?"

"संध्याकाळचा."

तिनं माझा फोन माझ्यापुढे ठेवला. मग म्हणाली, "बाबा, यासाठी बसून राहिलात? कमाल आहे तुमची," आणि उरलेलं थालीपीठ खायला लागली. बायकोनं न विचारता माझ्या ताटात दुसरं वाढलं. लोणी मात्र दिलं नाही.

रविवारी लेक गेली. सोमवारी तिचा फोन आला तो दुपारी, कामाच्या वेळात, आणि माझ्या मोबाइलवर.

"बाबा, हळू बोलतेय, ऑफिसात आहे. माझा एक ट्रेड चालू आहे. कुठेच जात नाहीये. सहावी आज संध्याकाळी साडेपाचला संपते."

"मग निघ."

"तेच ना." ती जरा अडखळली. "आईला सांगू नका. मीही कधीकधी डेलीवर जाते."

असे क्षण बापाच्या आयुष्यात फार येत नाहीत, ते मुरवून खावे लागतात.

"हसताय ना? हसा. पण साडेपाचला मला फोन करा. मी म्हणेन अजून एकच कँडल, म्हणेन मीटिंगमध्ये आहे, म्हणेन आत्ताच हलायला लागलाय. काही ऐकू नका. या सगळ्या युक्त्या तुम्हाला माहीत आहेत."

चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या आल्या. सव्वापाचपासूनच मी फोन घेऊन बाल्कनीत उभा राहिलो. साडेपाचला लावला.

"बाबा, ऐका ना, आत्ताच थोडा हिरवा झालाय—"

"वेळ संपली. पेपर खाली ठेव."

"एकच!"

आतून बायको म्हणाली, "आवाज चढवा जरा. शेवटचं बाक हिंजवडीला आहे."

मी आवाज चढवला. समोरच्या बिल्डिंगमधले काका कपडे वाळत घालता घालता थांबले. फोनमध्ये खुडबूड झाली, आणि मागून बसचा हॉर्न ऐकू आला.

"निघालीस का?" मी विचारलं.

"कुठून?"

"दोन्हीकडून."

"ट्रेडमधून निघाले," ती म्हणाली. "ऑफिसची बस अजून गेटातच अडकलीय, भाव होता तिथंच. बोला आता, वेळ आहे."