कपाळावरची बट

माझ्या धाकट्या बहिणीचं कपाळ रुंद आणि हनुवटी टोकदार. लहानपणी मी तिला ‘विड्याचं पान’ म्हणून चिडवायचे, ती मला दगड मारायची. पण शहाद्यात मी पार्लर टाकलं तेव्हापासून तिने केसांना दुसऱ्या कोणाची कात्री लागू दिली नाही. कपाळ झाकणारी बट मीच कापायची.

मग किमोने ते केसच नेले. लेकीचा साखरपुडा जवळ आला, तसा तिने सुरतेहून खऱ्या केसांचा टोप आणवला. छातीपर्यंत लांब, मधोमध भांग. तो घालून ती माझ्या खुर्चीत बसली. मधल्या भांगाने कपाळ उघडं पाडलं होतं. गाल आधीच बसलेले, त्यात लोंबत्या सरळ केसांनी चेहरा अजून खाली ओढलेला.

“ताई, पोरना सासरकडना लोके येतीन,” ती म्हणाली. “माय बिमार शे, असं कोनी म्हनाले नको.”

“मग गुपचूप बस. टोपना केस परत वाढतस नही.”

टोप तिच्या डोक्यावरच ठेवून, कोरडाच, थोडा थोडा कापला. भांग बाजूला घेतला. कपाळावरून गालाच्या हाडापर्यंत तिरपी, विरळ बट सोडली. सरळ दाट झालर कापली असती तर खाली नुसती हनुवटीच उरली असती. लांबी हनुवटीच्या जराशी खाली ठेवली, टोकं रोलरने बाहेर वळवली, म्हणजे जबड्याशी भराव येतो. डोक्यावर मात्र फुगवटा दिला नाही. आरशात बघून ती हसली. मेली किती दिवसांनी हसली होती!

साखरपुड्यात विहीणबाईंनी विचारलं, “केस कुठे कापलेत हो?” बहिणीने ऐटीत माझ्याकडे बोट दाखवलं. मला रडू आवरेना, म्हणून मी स्वयंपाकघरात पळाले.

लग्नापर्यंत काही ती टिकली नाही.

कळसाडीला तिच्या घरी बायकांनी तिला आंघोळ घातली, हिरवं नेसवलं. भाचीने हट्टाने तिला टोप घातला. नवऱ्याच्या आधी गेलेली, म्हणजे मळवट भरायचा. तिची चुलत सासू कुंकवाचा करंडा घेऊन वाकली आणि थांबली. “बट मांगे कर वं. कुंकू कोठे लावू?”

कोणाला हात लावू दिला नाही मी. माझीच बट, मीच दोन पिना लावून मागे घेतली. जन्मभर जे कपाळ तिने झाकलं, ते सगळ्या गावासमोर मी उघडं केलं. भुवयांपर्यंत कुंकू भरलं.

वर्षाच्या आत लग्न उरकायचं ठरलं. आदल्या दिवशी भाची माझ्या खुर्चीत बसली. तेच रुंद कपाळ, तीच हनुवटी. मी सवयीने बाजूला भांग पाडला, बटेसाठी केस पुढे घेतले. तिने माझं मनगट धरलं.

“ऱ्हाऊ दे, मावशी. मायनं कपाळ शे. दिसू दे.”