फोटो नसलेली स्लाइड
तुम्ही पाठवलेला सुती कुर्ता उघडला, कोऱ्या कापडाच्या खळीचा वास आला आणि मला निजामपुऱ्यातलं ते गणवेशाच्या कापडाचं दुकान आठवलं. तेव्हा मी मुलींच्या शाळेत शिकवत असे. शेजारच्या लूमच्या खडखडाटामुळे दुकानदार नेहमी मोठ्यानेच बोलत. "बाई, टॉकीजमध्ये इंटरव्हलला आपल्या दुकानाच्या जाहिरातीची स्लाइड लागणार हाय. तुमचा फोटो द्या, ना म्हणू नका." 'घरी विचारून सांगते' हे सोपं उत्तर जिभेवर आलं होतं, पण मग ते आशेने वाट बघत राहिले असते. मी म्हटलं, "शेटजी, तुम्ही विचारलंत, बरं वाटलं. पण फोटो नाही देणार. मुलींच्या आयांना वाटेल, बाईंची मर्जी राखायची तर इथूनच कापड घ्यायला हवं." "मग नुसतं नाव?" "नावानेही तेच होईल." त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे आमचं दुकान तुमच्या लायक न्हाय." "लायक नसतं तर इतकी वर्षं आले असते का? कुणी मला विचारलंच, तर रंग जात नाही हे खरं ते सांगेन." ते हसले. "मग स्लाइडवर तेच टाकतो." माझं कापड फाडताना त्यांनी चार बोटं जास्तच सोडली. पुढे टॉकीजमध्ये ती स्लाइड लागली, तेव्हा शेजारच्या अनोळखी बाईने विचारलं, "खरं असंल का हो?" मी म्हटलं, "मी धुऊन पाहिलंय." स्लाइडवर माझा फोटो नव्हता, म्हणूनच तिला ते पटलं असावं, असं आज वाटतं.