तापलेला फोन

आमच्या मोबाईल गेमच्या टीमचा एक नियम होता: फायनलला चार्जर लावूनच खेळायचं. एकदा ऐन सामन्यात कुणाची तरी बॅटरी संपली होती, तेव्हापासून माझ्या मामेभावाने, म्हणजे दादाने, हा नियम पाळायला लावला. तो टीमचा कॅप्टन, आणि मी टीममधली एकटी मुलगी.

मे महिन्यात बालाघाटच्या एका मंगल कार्यालयात फायनल होती. जिंकणारी टीम पुढच्या फेरीला जबलपूरला जाणार होती. मला जायचंच होतं. घरी ‘मोबाईलवर वेळ घालवते’ याशिवाय माझ्याबद्दल दुसरं काही बोललं जात नव्हतं.

कूलर पुढच्या बाकापुरता होता. तिथे दादा बसला. मला मिळाली उन्हाची खिडकी. स्क्रीन दिसेना म्हणून ब्राइटनेस पूर्ण वाढवावा लागला. कव्हर मी आधीच काढून टाकलं होतं, तरी पहिल्याच सामन्यात फोनची पाठ बोटांना चटके देऊ लागली.

“दादा, चार्जर काढते. लय तापून राह्यला. बॅटरी भरपूर आहे.”

“काहून? मंग संपली म्हंजे? नियम सगळ्याइले सारखाच हाय.”

“अरे, गेमनं प्रोसेसर तापते, चार्जिंगनं बॅटरी तापते. याच्यात पंखा थोडीच हाय! जास्त तापला का तो सोताच स्लो होते.”

“तू खेळ ना चुपचाप. बहाने मत बना.”

मी चुपचाप खेळले. याचा राग मला आजही येतो.

शेवटच्या सामन्यात आमच्या टीममधले दादा आणि मी, दोघंच उरलो होतो. आधी स्क्रीन आपोआप मंद झाली. चार्जर लावलेला असूनही बॅटरीचा टक्का हलेना, कारण फोनने चार्जिंगही आवरतं घेतलं होतं. मग चित्र अडखळायला लागलं. जळून जाऊ नये म्हणून प्रोसेसर आपला वेग कमी करत होता. समोरचा खेळाडू मला दिसला, मी बोट दाबलं, आणि माझी गोळी सुटेपर्यंत मी मेलेली होते. मागोमाग दादाही गेला.

“पोरीले घेतलं तिथंच चुकलं,” तो सगळ्यांसमोर म्हणाला. “हात चालत नाही इचा.”

कार्यक्रम आटोपल्यावर मी फोन त्याच्यासमोर धरला. पण सामना संपला होता, चार्जर निघाला होता, आयोजकांचं भाषण आणि बक्षिसं होईस्तोवर फोन सावलीत थंड झाला होता. त्याने गेम उघडून पाहिला. जराही न अडखळता, मख्खन चालत होता. “बघ,” म्हणाला आणि हसला. बाकीचेही हसले.

दिवाळीच्या स्पर्धेला मी प्रेक्षकांत बसले होते. आमच्या टीममध्ये माझ्या जागी लांजीचा एक मुलगा होता. सगळ्यांच्या फोनमागे छोटे पंखे चिकटवलेले आणि एकाचाही चार्जर लावलेला नाही. दादा नव्या मुलाला समजावत होता, “खेळताना चार्जर लावाचा नाही. फोन तापते, मंग स्लो होते.”

माझ्याकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही.