उजवी बाजू वर

सातवीत असताना यलो बेल्टच्या परीक्षेसाठी माझा कराटेचा ड्रेस आईने घरीच शिवला, द्वारका चौकातल्या दुकानातून जाड कापड आणून. बायकांच्या शर्टासारखी उजवी बाजू वर येईल अशाच नाड्या तिने लावल्या.

परीक्षेत सर माझ्यासमोर थांबले. "उजवी वर? जपानात मेलेल्या माणसाला असं घालतात. नीट कर, नाहीतर बाहेर हो."

सगळे बघत होते. मी पाठ फिरवली, पांढरा बेल्ट सोडला, रागाने नाड्या तोडल्या आणि डावी बाजू वर घेतली. बेल्ट पुन्हा बांधला; गाठ चपटी बसली, दोन्ही टोकं सारखी आली. पास झाले.

घरी आईने विचारलं, "नाड्या कशा तुटल्या?"

"फाइट करताना," मी म्हटलं.

तिने त्या पुन्हा तिथेच शिवल्या, दुहेरी दोऱ्याने.