कंडक्टरकाकांचा आवाज

मागच्या सीटवर झोपलेला माणूसही दचकून जागा होईल, असा कंडक्टरकाकांचा आवाज होता. निवृत्तीनंतर नसांच्या आजाराने तो आवाज हळूहळू गेला. हा आजार आवाजावरून लवकर ओळखता येईल का, हे शोधणाऱ्या एका अभ्यासात काका सामील झाले होते. दर महिन्याला इस्पितळात जाऊन एकच उतारा वाचायचा, त्याचं रेकॉर्डिंग व्हायचं आणि तपासणीसाठी थोडं रक्तही घेतलं जायचं.

नवव्या महिन्यात त्यांना पहिली ओळही पुरी करता आली नाही. त्यांनी पाटीवर लिहिलं, "बास. माझं नाव काढा. सगळं पुसा."

अभ्यासाचं काम बघणाऱ्या बाईंनी कारण विचारलं नाही. "तुमचे उपचार आहेत तसेच चालू राहतील," त्या म्हणाल्या. "रेकॉर्डिंग पुसू, साठवलेलं रक्तही नष्ट करू. पण जे आकडे नाव काढून इतरांच्या आकड्यांत मिसळलेत, त्यातले तुमचे आता वेगळे काढता येणार नाहीत. संमतीपत्रात तसं लिहिलं होतं."

काकांनी मान हलवून फॉर्मवर सही केली. तेव्हा सोबत आलेल्या काकू हळूच म्हणाल्या, "अहो, पहिल्या महिन्याचं तेवढं मला घेऊ द्या. घरात तुमचा आवाज कुठेच नाही."

काकांनी पाटी पुसली. मग लिहिलं, "पहिलंच घे. पुढची ऐकू नकोस."

बाईंनी ते काकूंना फोनवर दिलं. तीन आठवड्यांनी बाकीची पुसल्याचं पत्र आलं, ते काकूंनी काकांना वाचून दाखवलं. फोनवरचं मात्र, काका होते तोवर, काकूंनी कधी त्यांच्या कानावर पडू दिलं नाही.